शिल्लक साठा आणि पाचवीची यादी

मी एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत आहे. खुर्च्या, पंखे, लोखंडी कपाटं आणि कधीकाळी चालू असलेले टाइपरायटर यांची जडवस्तू नोंदवही ठेवणं हे माझं काम. आरंभीची शिल्लक, वर्षातली खरेदी, निर्लेखित वस्तू आणि अखेरची शिल्लक या चार रकान्यांत जगातली कुठलीही वस्तू बसते, असं आमच्या शाखेत मानतात. जी बसत नाही ती 'शोध सुरू आहे' या शेऱ्यात बसते.

मे महिन्याच्या शेवटी घरातल्या दप्तरांवर हाच प्रयोग केला, की दिसतं ते असं: घरात सगळं आहे आणि यादीतलं काहीच नाही. 2025 च्या जूनमध्ये थोरली सई चौथीतून पाचवीत गेली आणि धाकटा चिनू पहिलीतून दुसरीत. शाळा सोमवारी, 16 तारखेला उघडायची होती. पाचवीची यादी वर्गाच्या ग्रुपवर आली ती फळ्यावर खडूनं लिहिलेल्या मजकुराच्या फोटोच्या रूपात. फोटो काढताना बाईंची सावली नेमकी 'हिंदी' या शब्दापुढच्या आकड्यावर पडली होती. तो 1 आहे की 2, यावर ग्रुपवर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली. एका बाबांनी फोटो मोठा करून, उजळ करून परत टाकला. त्यात सावली जास्त स्पष्ट दिसली.

आधी हे सांगायला हवं, की इयत्ता बदलली की साठा जागच्या जागी बाद होतो, आणि त्यात वस्तूचा काही दोष नसतो. सई चौथीपर्यंत शिसपेन्सिलीनं लिहीत होती. पाचवीपासून तिच्या शाळेत पेन. त्यामुळे वाढदिवसाच्या परतभेटी म्हणून वर्षभर गोळा झालेल्या पेन्सिली, इंद्रधनुषी खोडरबरं, हत्तीच्या आकाराची टोकयंत्रं, असा डबाभर माल एका निकालपत्राबरोबर निरुपयोगी ठरला. हे सगळं चिनूला द्यायचं, हा सरळ हिशेब. पण पेन्सिलींवर परी होती, आणि दुसरीतल्या मुलाचा सामाजिक दर्जा ही फार नाजूक गोष्ट असते. शेवटी सासूबाईंनी ब्लेडनं परी खरवडली. खाली पिवळी पेन्सिल निघाली आणि ती चिनूनं आनंदानं घेतली. (त्यातल्या निम्म्या, टोक करताना शिसं सतत मोडणाऱ्या निघाल्या. पेन्सिल वारंवार पडली की आतलं शिसं जागोजागी तडकतं, मग कितीही चांगल्या टोकयंत्रात घाला, टोक सुटंच हातात येतं. शंका आली तर दोन-तीनदा टोक करून बघावं. तिन्ही वेळा मोडलं तर ती पेन्सिल निर्लेखित.)

वह्यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. वहीला जात असते. पहिली-दुसरीला मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चाररेघी आणि गणितासाठी चौकटी. मोठ्या वर्गात सगळ्यांची हळूहळू एकरेघी होते. एका जातीची वही दुसऱ्या विषयाला चालत नाही. त्यामुळे कपाटात चार कोऱ्या दुरेघी वह्या असूनही यादीतल्या '200 पानी एकरेघी' पुढे शिल्लक शून्यच लिहावी लागते.

आणि अर्धवट भरलेल्या वह्या? त्या तर प्रत्येक घरात असतात. सईच्या चौथीच्या चार वह्या घेऊन मी कोरी पानं मोजली. मराठी दुरेघीत 70, गणिताच्या चौकटीत 48, इंग्रजी चाररेघीत 30 आणि परिसर अभ्यासाच्या एकरेघीत तब्बल 110. परिसर अभ्यासात एवढी पानं का उरली, तर त्याला सरकारी कारण होतं. 2023 पासून दोन वर्षं बालभारतीच्या पुस्तकांतच धड्यांना जोडून वहीची कोरी पानं दिलेली होती. हेतू असा, की वेगळी वही न्यायला नको आणि दप्तर हलकं व्हावं. झालं असं, की काही बाई पुस्तकातल्या पानांवर लिहायला सांगत, काही वहीत, आणि काही आधी पुस्तकात आणि मग तेच वहीत. 2025 च्या जानेवारीत शासनानं ही पानं बंद केली. वही पुन्हा यादीत आली, आणि आमच्याकडे निम्म्याहून जास्त कोरी राहिलेली परिसर अभ्यासाची वही आणि शिवाय पुस्तकात बांधलेली कोरी पानं, असे दोन साठे उरले. पुस्तकातली पानं भांडाराच्या भाषेत 'स्थावर'. काढता येत नाहीत.

तर 70, 48, 30 आणि 110 मिळून 258 पानं. वहीच्या व्यवहारात पान पाठपोट मोजतात, म्हणजे 200 पानी वहीत कागद 100. आमचे 258 म्हणजे 129 कागद. कागदोपत्री सव्वा वही फुकट. माझ्या नवऱ्यानं लगेच सांगितलं, "मग एक वही कमी घे." नवरा हिशेबनीस आहे. त्यानं वही कधी उघडून पाहिलेली नाही.

पानं वहीतून काढायला गेल्यावरच कळतं, की वही कशी बनते. मध्ये पिना मारलेल्या वहीत एक-एक कागद सुटा नसतोच. मोठा ताव मधोमध दुमडलेला असतो, आणि पहिला कागद शंभराव्याचा जोडीदार असतो, दुसरा नव्व्याण्णवाव्याचा. परिसर अभ्यासाच्या वहीत पहिले 45 कागद लिहिलेले आणि नंतरचे 55 कोरे. पण जोडी लावून पाहिलं, तर दोन्ही बाजू कोऱ्या असलेले ताव फक्त मधले पाच, म्हणजे दहा कागद. उरलेल्या 45 कोऱ्या कागदांचे जोडीदार पुढच्या बाजूला 'पाण्याचे उपयोग' लिहून बसलेले. आणि ज्या वहीत निम्म्यापेक्षा कमी कोरं उरलंय, तिथे तर सबंध ताव एकही मिळत नाही. 129 कागदांत अखंड असे दहाच. बाकी सगळे घटस्फोटित.

इथे सासूबाई कामाला येतात. त्यांच्या काळी कच्ची वही विकत घेणं म्हणजे विकतचं पाणी पिण्यासारखं होतं. त्या पानं पिनांजवळून कात्रीनं कापतात, सगळे कागद जमिनीवर आपटून कडा एकसारख्या करतात, वर पाटा ठेवतात आणि दाभणानं डाव्या कडेपासून बोटभर आत पाच भोकं पाडतात. एका वेळी पंचेचाळीसच्या वर कागद घ्यायचे नाहीत, दाभण तिरकं जातं आणि मागच्या बाजूला भोक समासात न येता ओळीत येतं. मग गोधडीचा दोरा दुहेरी करून मधल्या भोकातून सुरुवात, वर जाऊन, खाली येऊन, पुन्हा मधल्या भोकाशी गाठ. गाठ मागच्या बाजूला. पुढे आली तर वही कधीच सपाट बसत नाही. वर दिनदर्शिकेचा जाड कागद. कडेनं शिवल्यामुळे ही वही पूर्ण उघडत नाही आणि डावीकडचा बोटभर भाग वाया जातो, हे खरं. पण सुटे कागद बांधायला दुसरा उपाय नाही.

129 कागदांच्या तीन वह्या झाल्या आणि त्यांत रेघांचं संमेलन भरलं. पहिली वही दुरेघीनं सुरू होते आणि सातव्या-आठव्या गणितापाशी अचानक चौकटी येतात. सईनं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "वर्गात सगळ्यांसमोर काढायची का?" सासूबाई म्हणाल्या, "काढायची म्हणजे काय, दाखवायची." तडजोड अशी झाली, की एक वही शाळेत, दोन घरी टेलिफोनच्या शेजारी. घरात टेलिफोन नाही, पण जागेचं नाव तेच आहे.

'कच्ची वही : 1' या ओळीसमोर मी 'घ्यावयाची नाही' असं लिहिलं. संपूर्ण यादीत हा एकमेव विजय.

आता वजन. हे कुणी यादीत लिहीत नाही, पण लिहायला हवं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा राज्य सरकारचा 2015 चा आदेश आहे. सईचं वजन तीस किलो, म्हणजे दप्तराला तीन किलो. नेहमीच्या आकाराची 200 पानी वही पाव किलोच्या आसपास भरते. पाच विषयांच्या पाच वह्या म्हणजे सव्वा किलो. रिकामं दप्तर सातशे ग्रॅम, कारण त्याला आजकाल पाठीला फोम, छातीला पट्टा आणि एकूण सतरा कप्पे असतात. पाऊण लिटरची स्टीलची बाटली भरल्यावर एक किलोच्या थोडी वर. झाले तीन किलो. डबा आणि सगळी पुस्तकं अजून टेबलावरच आहेत.

यावर माझं मत असं, की यादीत 200 पानी लिहिलेलं असलं तरी शक्य त्या विषयाला 100 पानी घ्यावी आणि दिवाळीनंतर दुसरी लावावी. वही संपली की घरात ती संपल्याचं कळतं सकाळी पावणेसातला, हा त्यातला धोका. म्हणून दुसरी 100 पानी जूनमध्येच आणून ठेवायची, आणि ती कुठे ठेवली हे कुणालाही न सांगता लक्षात ठेवायचं. बाटलीच्या बाबतीत मात्र जुनी प्लास्टिकची हलकी बाटली चांगली, जर तिच्या झाकणातली रबरी रिंग शाबूत असेल तर. बाटली गळते ती तडा गेल्यामुळे क्वचितच, बहुधा रिंग ढिली पडल्यामुळे किंवा धुताना मोरीत गेल्यामुळे. बाटली भरून झाकण लावून वर्तमानपत्रावर रात्रभर आडवी ठेवायची. सकाळी पेपर कोरडा, तर बाटली पास. सासूबाई फेकून दिलेल्या बाटल्यांच्या रिंगा डब्यात जपून ठेवतात. त्यांच्या मते रिंगेवरून बाटली घ्यावी, बाटलीवरून रिंग नव्हे.

कंपासपेटी चौथीत नावापुरती होती. पाचवीच्या गणितात कोन आणि वर्तुळं येतात, तेव्हा ती पहिल्यांदा खरोखर उघडते. घरात दोन पेट्या निघाल्या, एक माझ्या भाच्याची आणि एक बक्षीस मिळालेली. दोन्हींतला शिल्लक माल तंतोतंत सारखा होता. दोन्हींत दोन-दोन गुण्ये, कारखान्यातून निघाल्यासारखे, वरचं प्लास्टिकचं आवरणही न काढलेले. दोन्हींत कोनमापक, पण त्यावरचे आकडे पुसून गेलेले, म्हणजे 60 अंशांचा कोन अंदाजे 60. कर्कटक दोन्हींत होतं, आणि भाच्याच्या पेटीतल्याची टोकं ज्या लाकडी बाकावर बोथट झाली असतील तिथे आता भाच्याच्या नावाची आद्याक्षरं असतील. कंपासमध्ये पेन्सिल बसवायचा स्क्रू दोन्हींत नव्हता. तो स्क्रू जगातल्या कुठल्याही जुन्या कंपासपेटीत नसतो. आणि पट्टी, म्हणजे रोज लागणारी एकमेव गोष्ट, ती कुठेच नव्हती.

दोन पेट्यांमधून एक चालू पेटी तयार होईल, असं नवऱ्याचं म्हणणं. मी कोष्टक मांडून दाखवलं. दोन्ही पेट्यांत जे आहे तेच आहे, आणि जे नाही तेही तेच. बेरीज केली तर चार गुण्ये मिळतात. शेवटी कंपास आणि पट्टी सुटी घेतली. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात अशा सुट्या वस्तू मिळतात, फक्त मागायचं धाडस लागतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे काउंटरपर्यंत पोचलेला माणूस 'पाचवी, पूर्ण सेट' एवढंच बोलतो आणि मागची रांग त्याला दुवा देते. 'फक्त कंपास द्या, पेटी नको' असं म्हणणाऱ्या बाईकडे रांगेनं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी भांडार तपासणीच्या वेळी लेखापरीक्षकांच्या डोळ्यांतही पाहिलेली नाही.

तेलखडूंची पेटी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. चोवीस खडूंच्या पेटीत हिरवा आणि निळा नखाएवढे, कारण चौथीपर्यंतच्या चित्रकलेत डोंगर, नदी आणि झाडं सोडून दुसरा विषय नसतो. काळा मोडलेला. पांढरा अखंड. गेल्या चार वर्षांच्या पेट्यांतले पांढरे आमच्याकडे जसेच्या तसे आहेत. पांढऱ्या कागदावर पांढरा खडू वापरण्याचा प्रसंग मुलांवर सहसा येत नाही. हिरवा आणि निळा सुटे आणले की पेटी पुन्हा वर्षभर चालते, पण सुटा खडू मागितला की दुकानदार पेटीच दाखवतो आणि म्हणतो, "ताई, यात हिरवा आहेच की."

गणवेश लवकर आटोपला. सईच्या पिनाफोअरला शिवतानाच शिंप्यानं तळाशी चार बोटं मुडप ठेवली होती. ती उसवली की उंची जमते, फक्त जुन्या दुमडीच्या जागी एक गडद रेघ राहते आणि मुलगी गेल्या वर्षी किती होती ते सगळ्या वर्गाला वाचता येतं. बूट चिनूला गेले असते, पण तळव्याचा गोंद सुट्टीत सुकतो, आणि हातानं टोकाकडून वाकवल्यावर तो बूट मगरीसारखा जबडा उघडून माझ्याकडे बघायला लागला. निर्लेखित.

रेनकोट मात्र प्रत्येक घरानं मे महिन्यातच काढून बघावा. तो एप्रिलमध्ये नाही, गेल्या सप्टेंबरमध्ये घडी करून वरच्या कप्प्यात गेलेला असतो, बहुधा थोडा ओला. प्लास्टिकचा रेनकोट उन्हाळ्याच्या उष्म्यात घडीतल्या घडीत एकमेकांना चिकटतो. तो जोरानं ओढू नये, घडीच्या रेषेवरच फाटतो. सावलीत तासभर पसरून, हळूहळू सोडवून, मग उजेडासमोर धरून बघायचं. घडीच्या रेषेवर पांढुरक्या भेगा दिसल्या तर पाणी आत येणार. आमच्याकडचा बाहेरून ठीक दिसत होता. आतल्या खिशातून गेल्या पावसाळ्यातलं अर्धं चिक्कीचं पाकीट निघालं, त्याच्याभोवती मुंग्यांची एक स्वतंत्र शासनव्यवस्था होती. खिसा धुतला, कोरडा केला, टाल्कम पावडर लावली. रेनकोट आरंभीच्या शिलकेत गेला.

शेजारच्या घरी याहून बिकट अवस्था होती. त्यांचा मुलगा पहिलीत जायचा, म्हणून शेजारीणबाई चिनूची पहिलीची पुस्तकं मागायला आल्या. मी काढून दिली, आणि त्याच संध्याकाळी कळलं, की त्या वर्षापासून पहिलीची पुस्तकंच बदलली. शिवाय पहिलीला हिंदीची वही घ्यावी की नाही, हे त्या सबंध महिन्यात कुणालाच कळेना. 17 जूनला शासन निर्णय आला, 29 जूनला तो रद्द झाल्याचं जाहीर झालं. मधल्या बारा दिवसांत त्यांनी वही घेतली, नाव घातलं, तपकिरी कागदाचं कव्हर चढवलं. आता त्या वहीत त्या दूधवाल्याचा हिशेब लिहितात. आमच्या पाचवीला हिंदी पूर्वीपासूनच आहे, त्यामुळे फळ्यावरच्या सावलीखालचा आकडा एवढाच आमचा प्रश्न होता. तो 1 निघाला. निम्म्या पालकांनी 2 घेतल्या होत्या.

आणि इथे मला यादीबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. मे महिन्यात येते ती यादी नसते, अंदाजपत्रक असतं. खरी यादी शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात येते आणि ती तोंडी असते. चौथीपर्यंत बहुतेक सगळे विषय एकाच बाई शिकवतात. सईच्या शाळेत पाचवीपासून विषयाला वेगळे शिक्षक, आणि प्रत्येकाची वहीविषयी स्वतःची विचारसरणी. परिसर अभ्यासाच्या सरांनी सांगितलं, भाग 1 आणि भाग 2 एकाच वहीत, एक पुढून आणि एक मागून. म्हणजे एक 200 पानी एकरेघी शिल्लक. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, पाचवीत चाररेघी कशाला, आता एकरेघीवर लिहा. शिल्लक झालेली एकरेघी तिकडे गेली आणि चाररेघी उरली. गणिताच्या सरांना चौकटी नको, कोरी हवी. म्हणून निदान एक-दोन विषयांच्या वह्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम घेऊ नयेत, आणि घेतल्या तरी नाव आणि कव्हर लगेच घालू नये. नाव घातलेली वही परत घेत नाहीत.

जूनच्या शेवटी वर्गाच्या ग्रुपवर बाजार भरला. कुणाकडे चौकटी जास्त, कुणाकडे हिंदी जास्त, कुणाला चित्रकलेची मोठी वही हवी. फळ्याचा फोटो उजळ करणारे बाबा सगळ्यांचा तक्ता करत होते. मी लिहिलं, "आमच्याकडे 100 पानी चाररेघी, नवी, नाव घातलेलं नाही. बदल्यात कोरी वही चालेल." दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक आई गाठ पडल्या. कोरी वही त्यांनी आणली होती, पण चाररेघी घ्यायला तयार होईनात.

"वही राहू द्या हो, आमच्याकडेच तीन पडल्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई बाटल्यांच्या रिंगा ठेवतात म्हणे. एखादी मिळेल?"

संध्याकाळी सासूबाईंनी डबा उघडला. सात रिंगा होत्या, सगळ्या पाऊण लिटरच्या. त्यांची बाटली एक लिटरची निघाली.